अडीचशे जणांसमोरची सहा मिनिटं

अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात मी पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राची टीचिंग असिस्टंट म्हणजे टीए आहे. वर्ग अडीचशे जणांचा. आठवड्यातून तीनदा प्राध्यापकांचं पन्नास मिनिटांचं लेक्चर होतं आणि एकदा चोवीस-चोवीस जणांच्या सेक्शनमध्ये टीएबरोबर गणितं सोडवायची असतात. आम्ही चौघं टीए, माझ्याकडे तीन सेक्शन, म्हणजे बहात्तर मुलं. पहिल्या लेक्चरच्या शेवटी प्राध्यापक कॉलरला लावायचा माइक काढून हातात देतात आणि ओळख करून द्यायला सांगतात. बाकीचे तिघं जागेवर उभे राहून हात करतात, सगळ्यांच्या वतीने एकच जण बोलतो. पाच-सहा मिनिटं मिळतात. या सहा मिनिटांत काय सांगायचं, काय गाळायचं आणि का, याबद्दल हे लिहिते आहे. पुण्या-मुंबईहून, नागपूर-छत्रपती संभाजीनगरहून दरवर्षी जी मुलंमुली इथे एमएस-पीएचडीला येतात आणि ऑगस्टमध्ये अचानक अशा सभागृहात उभी राहतात, ती डोळ्यांसमोर आहेत. बोलायचं अर्थातच इंग्रजीत. इथे मराठीत मांडते आहे.

आधी एक हिशेब घरी करून जायचा, कारण पुढची सगळी आश्वासनं त्यावर उभी असतात. टीएची नेमणूक बहुधा आठवड्याला वीस तासांची असते, आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर वीस तासांहून जास्त काम करताच येत नाही. माझे वीस तास असे जातात: तीन सेक्शन अडीच तास, लेक्चरला बसणं अडीच तास, प्राध्यापकांबरोबरची बैठक एक तास, ऑफिस अवर्स दोन तास, तयारी तीन तास. झाले अकरा. बहात्तर जणांची क्विझ तपासायला प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर सहा तास. झाले सतरा. उरले तीन. आता समजा प्रत्येकाने आठवड्यात एकच मेल पाठवली आणि नीट उत्तर द्यायला पाच मिनिटं लागली, तर पुन्हा सहा तास. बसत नाही. म्हणून "कधीही विचारा, मी आहेच" हे जे वाक्य आपल्या तोंडात सगळ्यात आधी येतं, ते बोलायचं नाही. ते प्रेमळ वाटतं, पण तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला आलेल्या मेलला उत्तर मिळत नाही, आणि पोरगं समजतं की आपलाच प्रश्न मूर्खपणाचा होता. पाळता येईल तेवढंच बोलणं हा इथे दयाळूपणाचा भाग आहे.

पडद्यावर एकच स्लाइड लावायची आणि बोलून होईपर्यंत ती बदलायची नाही. तीवर चारही टीएंची नावं, कोणाकडे कोणते सेक्शन, ऑफिस अवर्सची वेळ आणि खोली, मेलच्या विषयाच्या ओळीचा नमुना. बस. शेवटच्या रांगेतून वाचता यावी एवढी अक्षरं मोठी. एक चूक आपल्याकडून हमखास होते ती तारखेची. आपण 10/9 लिहितो ते दहा सप्टेंबर म्हणून, इथली मुलं ते नऊ ऑक्टोबर वाचतात. महिना अक्षरांत लिहायचा, Sep 10, म्हणजे वादच नाही.

पहिलं मिनिट नावाचं. इथे टीएला कुणी सर-मॅडम म्हणत नाही, पहिल्या नावाने हाक मारतात, आणि त्यात अनादर नसतो. पण अडचण अशी की नाव उच्चारता आलं नाही तर मुलं हाकच मारत नाहीत; हात वर करून ताटकळत बसतात किंवा सरळ दुसऱ्या टीएकडे जातात. मराठी नावांच्या रोमन स्पेलिंगमध्ये काही हमखास सापळे आहेत. 'ज्ञ' आपण dny लिहितो, म्हणून Dnyanesh दिसल्यावर समोरचा D पाशीच अडतो. 'त' साठी आपण कधी t, कधी th लिहितो. त्यांना th दिसलं की ते 'थिंक'मधला उच्चार करणार. तेव्हा नाव एकदा सावकाश म्हणायचं, एकेक अक्षर तोडून दुसऱ्यांदा म्हणायचं, आणि ते ज्याच्याशी जुळेल असा एखादा इंग्रजी शब्द सांगायचा. लघुनाव द्यायचं तर घरी चालतं तेच द्यावं. त्यांच्या सोयीसाठी तिथल्या तिथे घेतलेलं 'सॅम' किंवा 'जे' सेमिस्टरभर कानाला टोचतं, आणि मेलवर वेगळंच नाव दिसल्याने पत्ता शोधताना मुलांचाही गोंधळ होतो.

नावानंतर लोक आपला बायोडेटा सांगू लागतात. कुठून बीई केलं, रँक काय होता, प्रबंधाचा विषय काय. अठरा वर्षांच्या मुलाला यातलं एकच वाक्य उपयोगाचं: "मी इथे भौतिकशास्त्रात पीएचडी करते आहे आणि या विषयाची टीए यापूर्वी दोनदा होते." पहिल्यांदाच असाल तर दुसरा भाग गाळा. "माझी ही पहिलीच वेळ आहे, सांभाळून घ्या" असं मात्र म्हणू नका. तसंच "माझं इंग्रजी बरोबर नाही" हेही नको. आपल्याकडे ही नम्रता समजली जाते. इथे ऐकणाऱ्याला ती सूचना वाटते, आणि पुढे न कळलेलं प्रत्येक वाक्य तो तुमच्या उच्चारांच्या खात्यावर टाकतो, न वाचलेल्या धड्याच्या खात्यावर नाही. त्याऐवजी मी म्हणते, "माझा एखादा शब्द कळला नाही तर हात वर करा, मी तो फळ्यावर लिहीन." यात माफी नाही आणि पुढे काय करायचं ते मुलांना कळतं.

उच्चारांचंही जरा सांगायला हवं, कारण भौतिकशास्त्रात ते फक्त ऐटीपुरतं नसतं. आपण 'व' एकच म्हणतो. इंग्रजीत v आणि w वेगळे, आणि या विषयात v म्हणजे वेग तर W म्हणजे कार्य. तोंडाने फरक पडत नसेल तर अक्षर उच्चारताना ते लिहूनही दाखवावं. v साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, w साठी ओठांचा चंबू होतो, एवढं आरशासमोर दोन दिवस केलं तरी पुरतं. तिसऱ्या अक्षाला इथे 'झेड' नाही, 'झी' म्हणतात. आणि काही शब्द आपल्या इंग्रजीत एक अर्थ देतात, इथे दुसराच. आपण 'डाउट' विचारतो. इथे डाउट म्हणजे शंका घेणं, अविश्वास. "कुणाला डाउट आहे का?" विचारलं की मुलं एकमेकांकडे पाहतात. 'क्वेश्चन' म्हणा. 'मार्क्स' नाही, 'पॉइंट्स'. 'ट्यूशन' म्हणजे शिकवणी नाही, कॉलेजची फी. 'पास आउट' म्हणजे पदवी घेणं नाही, बेशुद्ध पडणं. आणि खोडायच्या रबराला 'इरेझर'च म्हणावं, नाहीतर मागच्या रांगांत जे हसू पिकेल ते सेमिस्टरभर थांबणार नाही.

दुसरं मिनिट ऑफिस अवर्सचं, आणि माझ्या मते सहा मिनिटांतलं सगळ्यात मोलाचं. पहिल्या वर्षाच्या कितीतरी मुलांना या शब्दाचा अर्थच माहीत नसतो. ती समजतात की या वेळात टीए ऑफिसात कामात असतात, तेव्हा जाऊ नये. घरात कॉलेजला जाणारी ती पहिलीच पिढी असेल तर हे सांगणारंही कुणी नसतं. म्हणून नुसतं "ऑफिस अवर्स मंगळवारी तीन ते पाच" म्हणून भागत नाही. मी असं सांगते: "मंगळवारी तीन ते पाच मी फक्त तुमच्यासाठी त्या खोलीत बसलेली असते. आधी वेळ घ्यावी लागत नाही. दार उघडं असतं. आत दुसरं कुणी दिसलं तरी आत या, खुर्ची ओढा. प्रश्न तयार नसला तरी चालेल. तिथे बसून गृहपाठ करा आणि अडलं की विचारा." मग रस्ता सांगते. तिसरा मजला, लिफ्टमधून उतरून डावीकडे, झेरॉक्स मशीनसमोरची खोली. हे फार बारीक वाटेल, पण बिचकणाऱ्या मुलाला अनोळखी कॉरिडॉरमध्ये खोली शोधत फिरणं एवढंही निमित्त परत जायला पुरतं.

वेळ निवडताना गृहपाठ कधी द्यायचा आहे ते पाहायचं. आमचा बुधवारी रात्री असतो, म्हणून मंगळवार. शुक्रवारी दुपारी ठेवलेले ऑफिस अवर्स टीएला निवांत मिळतात, कारण कुणी येतच नाही. चौघांनी मिळून वेगवेगळे दिवस वाटून घेतले आणि कुठल्याही सेक्शनच्या मुलाने कुणाकडेही जावं असं पहिल्याच दिवशी सांगितलं, तर ज्या मुलाचं मंगळवारी तीनला प्रयोगशाळेचं काम असतं तोही अडत नाही.

याला जोडूनच पहिली अपेक्षा येते. "येताना तुमचा प्रयत्न घेऊन या." एवढंच म्हटलं तर मुलं घाबरतात, कारण त्यांना वाटतं प्रयत्न म्हणजे अर्धं सुटलेलं गणित. तेव्हा प्रयत्न म्हणजे काय ते मोजून सांगायचं: एक आकृती, दिलेल्या राशी चिन्हांसह, आणि जिथे हात थांबला ती ओळ. ओळ एकही नसेल तर "काय काढायचं तेच कळलं नाही" असं लिहिलेलं असलं तरी चालतं. यामागचं कारणही मी सांगते. कोऱ्या कागदासमोर बसल्यावर मी गणित माझ्या डोक्याने सोडवून दाखवते. तुमची ओळ दिसली की तुमचं डोकं कुठे वळलं ते मला दिसतं. पहिल्यात मान डोलते, आणि क्विझमध्ये काही येत नाही.

मेलबद्दल मी तीनच गोष्टी सांगते. विषयाच्या ओळीत कोर्स, सेक्शन आणि प्रश्न लिहा, उदाहरणार्थ `PHYS 101, Sec 4, HW 3 Q2`. कामाच्या दिवसांत चोवीस तासांत उत्तर येईल, शनिवार-रविवारी येणार नाही. आणि गृहपाठ ज्या रात्री द्यायचा त्या दिवशी संध्याकाळी सहानंतर आलेल्या प्रश्नाला त्या रात्री उत्तर मिळेल असं धरू नका. तिसरी गोष्ट ऐकताना कठोर वाटते, म्हणून ती सांगण्याची रीत महत्त्वाची. "सहानंतर मेल पाठवू नका" असं नाही म्हणायचं. पाठवू दे. उत्तर कधी येईल हे आधी कळलेलं असलं की तो दुसरा मार्ग शोधतो, रात्री बारापर्यंत इनबॉक्स उघडून पाहत बसत नाही.

मेलमधून जे प्रश्न येतात त्यांतला फरकही दाखवावा. "तिसरं गणित कळलं नाही, मदत करा" या मेलला उत्तर म्हणून मला उलट तीन प्रश्न विचारावे लागतात आणि एक दिवस जातो. "तिसऱ्या गणितात दोरीचा ताण दोन्ही ठोकळ्यांना सारखा धरला तर माझ्याकडे दोन समीकरणं आणि तीन अज्ञातं होतात, काय सुटलं?" याला एका ओळीत उत्तर जातं: दोघांचं त्वरणही सारखंच आहे, दोरी ताणली जात नाही. हा नमुना मी पहिल्या दिवशी तोंडी सांगत नाही, त्याच संध्याकाळी पाठवायच्या सूचनेत टाकते. सभागृहात अजून कुणाला दोरी आणि ठोकळे माहीतच नसतात.

तिसरं-चौथं मिनिट गुणांचं. इथे मी एकच उदाहरण फळ्यावर घेते, कारण पहिल्या क्विझनंतर जो राग येतो तो बहुतेक इथून येतो. गणित साधं: 30 अंशांच्या उतारावरून 2 किलोग्रॅमचा ठोकळा घसरतो आहे, घर्षणाचा गुणांक 0.2, त्वरण काढा. बरोबर उत्तर असं निघतं:

a = g (sin θ − μ cos θ) = 9.8 × (0.5 − 0.2 × 0.866) ≈ 3.2 m/s²

दहापैकी गुण असे: आकृतीत तीन बलं योग्य दिशांनी दाखवली, वजन, नॉर्मल बल आणि घर्षण, प्रत्येकी एक, म्हणजे तीन. उताराला लंब दिशेचं समीकरण, त्यातून नॉर्मल बल, दोन गुण. उताराच्या दिशेचं समीकरण तीन. संख्या एक, एकक एक. आता एका मुलाने कागदावर फक्त 3.2 लिहिलं. त्याला एक गुण. दुसरीने आकृती काढली, दोन्ही समीकरणं लिहिली, पण साइन आणि कोसाइनची अदलाबदल केली आणि उत्तर आलं 7.5 m/s². तिचे लंब दिशेच्या समीकरणाचे दोन गुण गेले. पुढच्या समीकरणात तीच चूक वाहत आली म्हणून तिथे पुन्हा कापायचे नाहीत. तिच्या समीकरणांप्रमाणे आकडेमोड बरोबर आहे, एककही आहे. आठ. उत्तर बरोबर असलेल्याला एक आणि चुकलेलीला आठ, हे ऐकून सभागृहात कुजबुज होतेच. होऊ द्यावी. महाराष्ट्र बोर्डात पायरीगणिक गुण मिळतात हे आपल्या अंगवळणी असतं, पण ज्या शाळांत फक्त पर्याय निवडायच्या परीक्षा झाल्या तिथून आलेल्या मुलाला हा धक्का असतो, आणि तो क्विझच्या कागदावर बसण्यापेक्षा आज इथे बसलेला बरा.

याच उदाहरणातून एक उपयोगाची गोष्ट हातात देता येते. साइन-कोसाइन उलटे झाले आहेत हे उत्तराकडे बघून कसं कळावं? 7.5 हा आकडा बघून कळत नाही, तो 9.8 पेक्षा कमी आहे, पटण्यासारखा आहे. पण कोन शून्य करून बघा. उलट्या सूत्रात sin 0 शून्य आणि cos 0 एक, म्हणजे त्वरण पूर्ण 9.8. सपाट टेबलावर ठेवलेला ठोकळा आपोआप पळत सुटला! तसं होत नाही, तेव्हा सूत्रच उलटं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि आकडे घालण्याआधी, अक्षरांत सूत्र असतानाच करता येते. म्हणून अपेक्षा अशी की आकडे शेवटच्या ओळीत घाला. "मला असं आवडतं" एवढ्यावर मुलं बदलत नाहीत. पळत सुटलेला ठोकळा त्यांच्या लक्षात राहतो.

फेरतपासणीचा नियमही इथेच. क्विझ परत मिळाल्यापासून एका आठवड्यात, लेखी, कोणता प्रश्न आणि रुब्रिकमधली, म्हणजे गुणवाटपाच्या तक्त्यातली, कोणती पायरी तुमच्या मते चुकीची तपासली गेली ते लिहून. पूर्ण प्रश्न पुन्हा तपासला जातो, म्हणजे गुण कमीही होऊ शकतात. शेवटचं वाक्य धमकीसारखं ऐकू येतं, म्हणून मी त्याच्या आधी एक वाक्य ठेवते: "बहात्तर कागद तपासताना माझ्याकडून चुका होतातच, त्या दाखवून द्या." बेरीज चुकली असेल तर फॉर्मबिर्म काही नको, वर्गातच दाखवा. लेक्चर संपल्यावर दारात गुणांवरून घासाघीस मात्र करायची नाही. तिथे जो जोरात बोलतो त्याला गुण मिळतात आणि गप्प बसणाऱ्याला नाहीत, हे कारण सांगितलं की मुलांना ते पटतं.

"कर्व्ह होतो का?" हा प्रश्न हमखास येतो, म्हणजे वर्गाच्या सरासरीप्रमाणे ग्रेड वर सरकवतात का. याला एकच उत्तर: ते प्राध्यापक ठरवतात, अभ्यासक्रमपत्रिकेत लिहिलं आहे तेवढंच मला माहीत. टीएने हसून "बहुतेक होतो" म्हटलं की ते वाक्य डिसेंबरात तक्रार होऊन परत येतं.

पाचवं मिनिट: माझ्या हातात काय नाही. मुदत वाढवून देणं प्राध्यापकांच्या हातात. आजारपणाची रजा, कोर्स सोडणं किंवा सेक्शन बदलणं विभागाच्या कार्यालयात. परीक्षेत जास्त वेळ किंवा वेगळी खोली लागणाऱ्या विद्यार्थ्याने त्यासाठीच्या कार्यालयातून पत्र आणायचं. कारण काय हे त्याने मला सांगायची गरज नाही आणि मी विचारणारही नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यांसमोर म्हणावं. ज्याच्यासाठी ते आहे तो हात वर करणार नाही, पण ऐकतो.

आणि एक कायदा, जो आपल्याकडच्या टीएला अंगवळणी पडायला वेळ लागतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा 1974चा अमेरिकी कायदा आहे, FERPA. त्याच्यामुळे नावानिशी गुणांची यादी दाराबाहेर लावता येत नाही, तपासलेल्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवून "आपापला शोधून घ्या" म्हणता येत नाही, आणि एखाद्याच्या आईचा फोन आला तरी विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या गुणांबद्दल टीए काही सांगू शकत नाही. आपल्याकडे वर्गात नाव पुकारून पेपर वाटले जातात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण मोठ्याने सांगितले जातात. ती सवय विमानतळावरच सोडावी. वर्गात मी एवढंच सांगते की तुमचे गुण तुमच्याशिवाय कुणाशी बोलणार नाही, आणि त्यामुळेच गुणांबद्दल लिहिताना विद्यापीठाच्या मेलवरूनच लिहा, बाहेरच्या पत्त्यावरून आलेली मेल तुमचीच आहे हे मला कळत नाही. स्वतःचा फोन नंबर देऊ नये. विद्यार्थ्यांनी आपापसांत केलेल्या चॅट ग्रुपमध्ये आपण शिरू नये. तिथे टीएने टाकलेली एक सूचना ज्यांनी ग्रुप घेतलाच नाही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

एकत्र अभ्यासाबद्दलचा नियम बहुतेक टीए "कॉपी करू नका" असा सांगतात. त्याने काही कळत नाही, कारण मित्राबरोबर चर्चा करणं कुठपर्यंत चालतं हाच खरा प्रश्न असतो. आमच्या कोर्समध्ये चर्चा चालते, लिहिणं एकट्याचं. म्हणून मी कृती सांगते: "फळ्यावर चौघं मिळून सोडवा, हवं तेवढं भांडा. मग फळा पुसा, आणि आपापल्या कागदावर डोक्यातून लिहा. फळा पुसल्यावर लिहिता येत नसेल तर ते अजून तुमचं झालेलं नाही, परत चर्चेला बसा." दोन कागदांवर एकच विचित्र चूक आली, उदाहरणार्थ दोघांनीही 0.866 च्या जागी 0.886 लिहिलं, तर तपासणाऱ्याला ती लगेच दिसते. हे मात्र मी पहिल्या दिवशी सांगत नाही. पहिल्याच भेटीत चोर पकडायच्या युक्त्या ऐकवल्या की पुढचे दोन आठवडे ऑफिस अवर्स रिकामे जातात.

सहाव्या मिनिटाला प्रश्न. "काही प्रश्न?" असं अडीचशे जणांना विचारलं की शांतता पसरते, आणि आपण घाबरून दोन सेकंदांत "ठीक, थँक यू" म्हणतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात शाळांच्या वर्गांत मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरांची लांबी आणि संख्या वाढते. मी मनात सातपर्यंत आकडे मोजते. प्रश्नही जरा बदलून विचारते: "ऑफिस अवर्स, मेल, गुण, यांपैकी काय पुन्हा सांगू?" कुणी पुढच्या रांगेतून विचारलं तर उत्तराआधी प्रश्न माइकवर पुन्हा म्हणायचा, मागच्यांना तो ऐकूच आलेला नसतो. उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही, शुक्रवारच्या लेक्चरआधी कळवते" म्हणायचं, आणि ते वहीत लिहून घ्यायचं.

काही वाक्यं सहा मिनिटांत एकदाही येऊ द्यायची नाहीत. "हे सोपं आहे" हे त्यांतलं पहिलं. ज्याला जमलं त्याला त्याने काही मिळत नाही, ज्याला जमलं नाही त्याला सोपंही जमत नाही असं कळतं. "डावीकडे बघा, उजवीकडे बघा, तिघांतला एक डिसेंबरपर्यंत नसेल" हा इथला जुना विनोद आहे. काही प्राध्यापक अजून करतात. टीएने करू नये. या कोर्सला गळती असते हे मुलांना वरच्या वर्गातल्यांकडून आधीच कळलेलं असतं.

माइक परत दिल्यावर मी दाराशी दहा मिनिटं उभी राहते. अडीचशेंमधले पाच-सहा येतात. दोन वेळापत्रकाचे प्रश्न, एखाद्याला शाळेत कॅल्क्युलस झालेलं नसतं आणि हे चालेल का असं विचारायचं असतं. त्याला धीर देऊन पाठवायचं नाही. त्याच आठवड्यात विद्यार्थी सल्लागाराकडे पाठवायचं, कारण कोर्स बदलायची मुदत पहिल्या काही दिवसांतच संपते आणि नंतर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, खूण राहते. त्याच संध्याकाळी कोर्सच्या पानावर स्लाइडमधलाच मजकूर आणि मेलचे दोन नमुने टाकायचे, याहून वेगळं काही घालायचं नाही. मंगळवारी तीनला खोलीचं दार उघडून बसायचं. पहिल्या आठवड्यात दोनच जण येतील. पहिल्या परीक्षेच्या आदल्या मंगळवारी कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसलेली असतील, म्हणून शेजारची रिकामी वर्गखोली ऑगस्टमध्येच त्या तारखेसाठी नोंदवून ठेवलेली बरी.